बॉल बेअरिंग काढून रोलर टाकताय? आधी या चुका टाळा

पुलीकडचं बॉल बेअरिंग दर तीन महिन्यांनी जातंय म्हटल्यावर कोणीतरी सुचवतंच, "रोलर टाका." सल्ला बहुतेक वेळा बरोबरही असतो. ६३१० काढून त्या जागी एनयू ३१० बसतं: दोन्हींचं बोअर ५० मिमी, बाहेरचा व्यास ११० आणि रुंदी २७. मापं तंतोतंत जुळतात आणि घोळ तिथेच सुरू होतो.

पहिली चूक म्हणजे गेलेलं बेअरिंग न बघताच भंगारात टाकणं. ते कापून बाहेरची रेस उजेडात धरा. गोळ्यांच्या वाटेचा पट्टा रेसच्या मधोमध आणि फक्त लोडच्या बाजूला असेल, आणि तिथेच खवले निघाले असतील, तर रेडियल लोड झेपला नाही असं समजा. पट्टा एका कडेकडे सरकलेला आणि पूर्ण गोल फिरलेला दिसला, तर शाफ्टला लांबीच्या दिशेने दाब येतोय. अशा ठिकाणी एनयू टाकून काही होणार नाही, कारण तो दाब एनयू घेतच नाही.

दुसरी चूक हिशेबातली. बेल्ट शाफ्टला एकूण १० किलोन्यूटनने ओढतो म्हणून बेअरिंगवरही १०च धरले जातात. पण पुली बहुधा दोन बेअरिंगांच्या बाहेर लटकलेली असते. बेअरिंगांमधलं अंतर ५०० मिमी आणि पुलीचा मध्य जवळच्या बेअरिंगपासून १०० मिमी बाहेर असेल, तर जवळच्या बेअरिंगवर १० गुणिले ६०० भागिले ५००, म्हणजे १२ किलोन्यूटन येतात. लांबच्यावर फक्त २, तेही उलट्या दिशेने.

आता आयुष्य काढू. ६३१० चं डायनॅमिक रेटिंग साधारण ६२ किलोन्यूटन आहे. ६२ भागिले १२ आणि त्याचा घन केला की सुमारे १३८ येतात, म्हणजे १३.८ कोटी फेरे. १००० आरपीएमला हे २३०० तास होतात, रात्रंदिवस चालणाऱ्या मशीनला जेमतेम तीन महिने. त्यामुळे वारंवार जाणाऱ्या बेअरिंगचा दोष दर वेळी ग्रीसला देण्यात अर्थ नाही. गोळा रेसला ठिपक्याएवढ्या जागेत टेकतो, तर रोलर रेघभर. म्हणून एनयू ३१० चं रेटिंग ११० च्या आसपास किंवा कंपनीनुसार त्याहून जास्त असतं, आणि सूत्रात घनाऐवजी १०/३ हा घात येतो. ११० धरले तरी उत्तर सुमारे २६,८०० तास, म्हणजे तीन वर्षं. हे आकडे १०० पैकी ९० बेअरिंगं ओलांडतील असे आहेत. तुमचं एखादं बेअरिंग आधीही जाऊ शकतं.

तिसरी चूक उत्साहाची असते: "एक बदललं तसं दुसरंही बदलून टाकू." एनयूच्या आतल्या रेसला खांदे नसतात, ती रोलरमधून आरपार सरकते. दोन्ही टोकांना एनयू टाकलं तर शाफ्टला लांबीत धरून ठेवणारं काहीच उरत नाही. शाफ्ट हाताने पुढे-मागे सरकतो, पुली लाइन सोडते आणि बेल्ट कडेने खायला लागतो. लांबच्या टोकाला ६३१० च राहू द्या. तिथे २ किलोन्यूटनच आहेत, रेडियल लोडने ते थकणार नाही. फक्त त्याची बाहेरची रेस हाउसिंगमध्ये दोन्ही बाजूंनी पक्की धरा. शाफ्ट तापून लांबला की ती वाढ एनयू आतल्या आत सामावून घेतं.

चौथी चूक सगळ्यात जास्त बेअरिंगं खाते, असं माझं मत आहे. या प्रकारच्या रोलर बेअरिंगला तिरकेपणा सहन होत नाही. मर्यादा फार तर ४ मिनिटांची, म्हणजे १०० मिमी लांबीत सुमारे ०.१२ मिमी. हाउसिंगखाली एखादी शिम कमी पडली किंवा लोडने शाफ्टच वाकला, तर रोलर पूर्ण लांबीने न टेकता एका टोकावर उभा राहतो आणि रेघभर टेकण्याचा सगळा फायदा जातो. उघडल्यावर रेसच्या एकाच काठाला खवले दिसले की तिरकेपणा शोधा. अलाइनमेंट करूनही शाफ्ट वाकतच असेल, तर स्फेरिकल रोलर बेअरिंग लागतं. पण त्याच बोअरचं २२३१० हे ४० मिमी रुंद असतं, म्हणजे हाउसिंगही बदलावं लागतं.

आणि रोलरला किमान लोडही लागतो. ढोबळ नियम रेटिंगच्या २ टक्क्यांचा, म्हणजे इथे २.२ किलोन्यूटन. बेल्टसाठी एनयू बसवलेली मोटर पुढे कपलिंगने थेट जोडली, की बेअरिंगवर रोटरच्या वजनाचा थोडासा भार उरतो. रोलर गोल फिरण्याऐवजी घसरतात, कर्कश आवाज येतो आणि रेसवर राखाडी, फासल्यासारखे डाग पडतात. तिथे पुन्हा ६३१० बसवा.