‘मी काम केलो’ मोजताय? मग या चुका टाळा

बेळगावात कुठेही दहा मिनिटं उभे राहा, ‘मी काम केलो’, ‘मी पुस्तक वाचलो’ कानावर पडतंच. पुण्याचा माणूस विचारतो, “वाचलात? कशातून?” या विनोदाचा मला आता कंटाळा आलाय. त्याहून जास्त कंटाळा आलाय तो याच वाक्यावर प्रकल्प करायला निघालेल्या विद्यार्थ्यांच्या फायलींचा. दरवर्षी दोन-तीन जण येतात, लॅपटॉप उघडतात आणि म्हणतात, “सर, रन मारलाय, फक्त रिझल्ट बघा.” मी रिझल्ट बघत नाही, आधी टोकनची, म्हणजे मोजणीत घेतलेल्या एकेका वाक्याची, फाइल मागतो. घोळ तिथंच असतो.

प्रश्न साधा आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की प्रमाण मराठीत ते कर्माशी जुळतं: मी चहा केला, मी भाकरी केली, मी काम केलं. सीमाभागात ते कर्त्याशीही जुळतं: मी चहा केलो, मी भाकरी केलो. कन्नडमध्ये क्रियापद साधारणपणे कर्त्याशीच जुळतं, त्यामुळे हे कुठून आलं असावं याचा अंदाज कुणालाही येतो. पण एकच माणूस एकाच दमात दोन्ही बोलतो. कुठे कुठलं, आणि ते कशावर ठरतं? भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्हनं 1969 मध्ये इंग्रजीतल्या एका क्रियापदाच्या गळण्यावर व्हेरिएबल रूल, म्हणजे कुठलं रूप कुठे किती येतं हे मोजणारा नियम, मांडला, तो अशाच प्रश्नासाठी. 1974 मध्ये सेडरग्रेन आणि सँकॉफ यांनी त्याला संभाव्यतेचं पक्कं गणित दिलं. पुढे हे गणित करणारं गोल्डवार्ब नावाचं सॉफ्टवेअर आलं, आता बहुतेक जण आकडेमोडीची R ही भाषा वापरतात. यंत्र बदललं, चुका त्याच राहिल्या.

पहिली चूक: चौकट न आखता मोजायला बसणं

नियम असा की रूप जिथे आलं ते मोजायचं, आणि जिथे येऊ शकलं असतं पण आलं नाही, तेही मोजायचं. ‘येऊ शकलं असतं’ म्हणजे कुठे, हे ठरवणं म्हणजेच बदलाची चौकट आखणं. नवखी मंडळी ‘केलो’, ‘खाल्लो’, ‘दिलो’ तेवढी शोधून काढतात आणि “एका मुलाखतीत चाळीस वेळा आलं” म्हणून सांगतात. चाळीस कशापैकी?

दुसऱ्या टोकाचे लोक सगळेच भूतकाळ गोळा करतात. मग ‘मी विसरलो’, ‘मी मराठी शिकलो’, ‘मी पाणी प्यालो’, ‘मी म्हणालो’ ही वाक्यंही आत येतात. ही तर पुण्यातही अशीच बोलतात! इथे पर्यायच नाही, म्हणून ती चौकटीबाहेर. ती आत घेतली की ‘कर्त्याशी जुळणी’चं प्रमाण फुकट फुगतं. असली क्रियापदं मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलीत, कारण दर खेपेला एखादं निसटतंच.

मी चौकट प्रथमपुरुषापुरतीच ठेवतो. ‘तू आंबा खाल्लास’ बेळगावातही तसंच आणि साताऱ्यातही तसंच, कळणार काय? तृतीयपुरुषात ‘त्यानं काम केलं’ आणि ‘तो काम केला’ यांत कर्त्याचा ‘नं’ही गळतो, म्हणजे एकात दोन बदल गुंतलेत. तो वेगळा अभ्यास आहे. लोभ नको.

दुसरी चूक, माझी लाडकी: दोन्हीकडे बसणारी वाक्यं एका बाजूला ढकलणं

यात मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी खानापूर आणि निपाणी या दोन्ही बाजूंच्या मुलाखती आमच्याकडे होत्या. लिहून काढायला एक हुशार, टापटीप पोरगा होता. रन मारला. बायका ‘केलो’-छाप रूपं पुरुषांपेक्षा बऱ्याच कमी वापरतात असं आलं. आम्ही खूश! स्थिर बदलात, म्हणजे दोन्ही रूपं पिढ्यानपिढ्या शेजारी नांदतात तिथे, बायका प्रमाणरूपाकडे झुकतात, हा तर लबोव्हच्या परंपरेतला प्रसिद्ध निष्कर्ष. कुणी शंका घेतली नाही. हवं ते उत्तर आलं की माणूस तपासायचं थांबतो.

शंका आली ती एका काकूंची मुलाखत सहज ऐकताना. कागदावर होतं, ‘मी सगळं काम केले’. कानाला ऐकू आलं, ‘मी सगळं काम केलं’. पुढचं वाक्य कागदावर ‘मी जेवण केले’, आणि कानालाही स्पष्ट ‘केले’. त्या पोरानं शाळेत शिकवल्याप्रमाणे प्रत्येक ‘केलं’ शुद्धलेखनात ‘केले’ केलं होतं. पुरुषाच्या तोंडी त्यानं काही बिघडत नाही, कारण पुरुषाची कर्त्याशी जुळणी म्हणजे ‘केलो’. पण बाई ‘मी गेले’ म्हणत असेल, तर तिची कर्त्याशी जुळणीही ‘केले’च होणार. कागदावर दोन्ही एकरूप झाली आणि आम्ही ती सगळी डोळे मिटून ‘कर्माशी जुळणी’त टाकली होती.

रेकॉर्डिंग ऐकून हा अर्धा गुंता सुटतो. उरलेला अर्धा सुटतच नाही. ‘मी लाडू केले’, ‘मी कपडे धुतले’, ‘मी पैसे दिले’: कर्म पुल्लिंगी अनेकवचनी, बोलणारी बाई. हे ‘ले’ लाडवांचं की बाईचं? कान कितीही तीक्ष्ण असला तरी सांगता येत नाही. आणि घरकामाच्या गप्पांत लाडू, पापड, पोहे, कपडे यांचीच रेलचेल असते.

याचा परिणाम किती होतो ते बघा. आकडे समजण्यापुरते सोपे करून घेतलेत. समजा एका बाईची 50 वाक्यं आहेत. 20 नक्की कर्त्याशी, 18 नक्की कर्माशी, 12 संदिग्ध. बारा कर्माकडे ढकलली तर कर्त्याशी जुळणी 50 पैकी 20, म्हणजे 40 टक्के. शेजारच्या पुरुषाची 50 पैकी 27, म्हणजे 54 टक्के. झाला लिंगभेद सिद्ध! आता रेकॉर्डिंग ऐकली. बारांपैकी 8 नपुंसकलिंगी कर्माची निघाली, त्यांत 5 वेळा ‘केले’, 3 वेळा ‘केलं’. उरलेली 4 लाडू-कपड्यांची, ती काढून टाकली. आता 46 पैकी 25, म्हणजे 54 टक्के. भेद गेला कुठे? तो टायपिंगमध्ये होता.

पुरुषाची लाडू-कपड्यांची वाक्यं मात्र संदिग्ध नसतात (‘लाडू केलो’ की ‘लाडू केले’, लगेच कळतं), म्हणून ती ठेवायचा मोह होतो. तुलना करायची असेल तर तीही काढा. नाहीतर ‘पुल्लिंगी अनेकवचन’ हा कप्पा फक्त पुरुषांनी भरतो, आणि कर्माच्या लिंगाचा परिणाम बोलणाऱ्याच्या लिंगात मिसळतो.

आता माझी सवय सांगतो. कुठलंही टोकन कोड करण्याआधी मी प्रत्येक बाईची अकर्मक वाक्यं काढतो: मी गेले, आले, बसले. कारण निपाणीकडच्या कित्येक बायका स्वतःबद्दल ‘मी गेलो’, ‘मी आलो’ म्हणतात, कोल्हापूरकडे म्हणतात तसंच. आमच्या एक आजी होत्या: “सकाळी उठलो, भाकऱ्या केलो, मग शेताला गेलो.” मुलाखतभर त्या स्वतःबद्दल एकदाही ‘ले’ म्हणाल्या नाहीत. म्हणजे त्यांचं ‘मी लाडू केले’ संदिग्ध नाहीच. कर्त्याशी जुळलं असतं तर ‘केलो’ झालं असतं. आजींची लाडवांची वाक्यं राहतात, ‘गेले’ म्हणणाऱ्या काकूंची जातात. जी बाई कधी ‘गेले’ आणि कधी ‘गेलो’ म्हणते, तिची मी मुकाट्यानं काढतो. याला माणशी अर्धा तास लागतो. तेवढाही वेळ नसेल तर हा विषय सोडून द्या, खरंच.

तिसरी: एकच गोष्ट दोन फॅक्टर ग्रुपमध्ये कोड करणं

फॅक्टर ग्रुप म्हणजे रूपावर परिणाम करू शकणारी एकेक गोष्ट: कर्माचं लिंग, बोलणाऱ्याचं वय वगैरे. ‘मी त्याला बघितलं’ यात कर्माला ‘ला’ लागलाय, म्हणून क्रियापद आपोआप नपुंसकलिंगी झालं. नवखे इथे कर्माचं लिंग ‘नपुंसक’ लिहितात. मग ‘ला’चा ग्रुप आणि लिंगाचा ग्रुप एकमेकांवर चढतात, आणि कुठला परिणाम कुणाचा ते यंत्रालाही कळत नाही. लिंग लागू नसेल तिथे गोल्डवार्बमध्ये तिरपी रेघ टाका:

```
(sbmw3 मी चहा केले
(obnw3 मी काम केलं
(ol/w3 मी त्याला बघितलं
```

पहिलं अक्षर जुळणीचं (s कर्ता, o कर्म), दुसरं कर्म नुसतं (b) की ‘ला’सह (l), तिसरं कर्माचं लिंग, चौथं बोलणाऱ्याचं लिंग, पाचवं माणसाचा क्रमांक. क्रमांकाचा रकाना अनेक जण गाळतात आणि नंतर रडत येतात.

वय आणि शाळेचं माध्यम यांचंही असंच होतं. तुमच्या यादीतले सगळे साठीपुढचे मराठी माध्यमाचे आणि सगळी इंग्रजी माध्यमाची पोरं विशीतली असतील, तर ते दोन ग्रुप नाहीत, एकाच ग्रुपची दोन नावं आहेत. रन मारण्याआधी दोन्हींचा आडवा-उभा तक्ता मांडा. कप्पे रिकामे दिसले तर एक ग्रुप सोडा, किंवा निपाणीला जाऊन इंग्रजी शाळेत शिकलेले आजोबा शोधा.

बाकीच्या, भराभर

एखाद्या कप्प्यात 0 किंवा 100 टक्के आलं तर तो नॉकआउट, त्याचं वजन, म्हणजे तो रूपाला किती ओढतो हा आकडा, निघत नाही. पण तेवढ्यावरून तो शेजारच्या कप्प्यात मिसळून टाकू नका. आधी बघा, तिथे बदल खरंच होत नाही की तुमच्याकडे चारच वाक्यं आहेत.

फॅक्टरचं वजन .35 म्हणजे 35 टक्के नव्हे. .5 च्या खाली म्हणजे त्या ग्रुपमधल्या इतरांच्या तुलनेत तो फॅक्टर त्या रूपाला मागे खेचतो, एवढंच.

‘करणे’ हे क्रियापद फाइल गिळतं. मी माणशी एका क्रियापदाची पहिली पाचच वाक्यं घेतो. पाच का? सवय. R मध्ये असाल तर माणूस आणि क्रियापद दोन्ही रँडम इफेक्ट म्हणून ठेवा, नाहीतर एका बडबड्या काकांचा परिणाम ‘शहापूरचा परिणाम’ म्हणून छापून येतो:

```
lme4::glmer(s ~ object + sex + medium + (1|speaker) + (1|verb),
      family = binomial, data = d)
```

“तुम्ही केलो म्हणता का?” असं लोकांना विचारू नका. सीमाभागात मराठी बोलणं ही नुसती बोलायची गोष्ट नाही, उत्तर ‘छे, आम्ही शुद्ध बोलतो’ असंच येणार. एका गृहस्थांनी मला हे ठासून सांगितलं आणि लगेच पुढे म्हणाले, “हे मी कालच सांगितलो की तुमच्या पोराला.” ते वाक्य मी फाइलीत घेतलं. s, कर्म नुसतं, बोलणारा पुरुष. लिंगाच्या रकान्यात ‘हे’ला n द्यायचा की तिरपी रेघ, यावर आमच्या खोलीत अजून भांडण चालू आहे.