पाजायला बसलं की घसा का सुकतो?

बाळंतिणींच्या वॉर्डात मी नवीन होते तेव्हा एका बाईनं विचारलं, "सिस्टर, बाळाला अंगावर घेतलं की लगेच घसा कोरडा पडतो. दूध जातं म्हणून का?" मी "हो" म्हणून मोकळी झाले. ते उत्तर अर्धवट होतं. या कामात नव्यानं येणाऱ्यांनी त्यामागचा हिशेब आधीच मांडून पाहावा.

तीन आठवड्यांचं बाळ एका वेळी साधारण 80 मिली पितं. त्यातलं पाणी सुमारे 70 मिली, छोटा कपभर. एवढ्यानं घसा सुकत नाही. शिवाय तहान लागते ती बाळ ओढायला लागल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच, दूध फारसं गेलेलं नसताना. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, त्यानं पान्हा फुटतो आणि त्याच सुमारास तहानही चाळवते. म्हणून पाण्याचा तांब्या पाजायला बसण्याआधीच हाताशी हवा. बाळ मांडीवर आल्यावर उठणार कोण?

भुकेचं गणित मात्र दिवसभराचं असतं. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज साधारण 750 मिली दूध जातं, म्हणजे सुमारे 500 कॅलरी. दूध तयार करायला लागणारी ताकद वेगळी. म्हणून राष्ट्रीय पोषण संस्था पहिले सहा महिने रोज 600 कॅलरी जास्त सांगते, जवळपास तीन ज्वारीच्या भाकऱ्यांइतक्या. दुधातली साखरही आईच्या रक्तातल्या साखरेपासूनच बनते.

माझ्याकडची एक बाई पहाटे चारला पाजून झालं की थरथरायची. विचारलं तर रात्री आठला वरणभात, मग थेट सकाळी नऊला पोहे. मधे अकरा, दीड आणि चार, अशा तीन वेळा पाजणं. तेरा तास पोट रिकामं आणि पाव लिटर दूध बाहेर! पाणीही मोजून, कारण सासूबाई म्हणायच्या, "जास्त पाणी प्यायलीस तर पोट सुटेल." मी सासूबाईंशी वाद घातला नाही. त्यांच्याच डब्यातला डिंकाचा लाडू दीडच्या पाजण्याला द्यायला सांगितला आणि उशाशी कोमट पाणी. चार दिवसांत थरथर थांबली.

उलट टोकही बघितलंय. दूध वाढावं म्हणून कुणी तहान नसताना लिटरच्या लिटर पाणी पितं. त्यानं दूध वाढत नाही. ते वाढतं स्तन वारंवार रिकामे झाल्यानं. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरतंय.

पाजण्याशी संबंध नसलेली, दिवसभर न भागणारी तहान आणि सारखी लघवी दिसली, विशेषतः गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर, रक्तातली साखर तपासायला पाठवा. भरपूर खाऊनही वजन झपाट्यानं उतरत असेल, छाती धडधडत असेल, तर थायरॉईड. या दोन्ही वेळी लाडू पुढे करू नका, डॉक्टरांकडे पाठवा.