काळोख दिसला की बरोक?

कला-इतिहासाच्या पहिल्या स्लाइड टेस्टमध्ये पडद्यावर फ्रेंच चित्रकार दाव्हिदचं ‘होराशियांची शपथ’ आलं. मागे अंधार, डावीकडून उजेड, तलवारी, लाल झगा. मी बिनधास्त लिहिलं: ‘बरोक, सतरावं शतक.’ चित्र १७८४ चं, नवअभिजात शैलीतलं. शंभरेक वर्षं चुकलो. आजही आठवलं की कान गरम होतात.

काळोख म्हणजे बरोक हे समीकरण डोक्यातून काढा. काळोख कुणीही रंगवतो. त्यात कडांचं काय होतं, ते बघा. रोममधलं काराव्हाज्योचं ‘मॅथ्यूला पाचारण’ (१५९९–१६००) घ्या. ख्रिस्त उजव्या टोकाला सावलीत उभा आहे. अर्धा चेहरा आणि हात तेवढे उजळलेत, बाकीचं शरीर पीटरच्या आड आणि अंधारात विरलंय. कुठे अंग संपतं, कुठे भिंत सुरू होते, सांगता येत नाही. उजेडाची तिरपी पट्टी आपली नजर टेबलाकडे ओढून नेते.

आता दाव्हिद. मागची भिंत अंधारात आहे, पण तिथल्या तीन कमानी मोजता येतात. डावीकडच्या कमानीसमोर तिघे भाऊ, मधल्या कमानीसमोर बाप, उजवीकडच्या कमानीसमोर रडणाऱ्या बायका. सगळे एका रांगेत, दगडी शिल्पपट्टीत कोरल्यासारखे. सावलीतल्या पायाचीही कड बोटाने गिरवता येईल. मी हे काहीच पाहिलं नव्हतं, कारण अंधार दिसताच उत्तर तयार होतं.

‘ब्रशचे फटकारे बघ, बास’ असं सांगणारे सीनियर भेटतील. त्यांचं फार ऐकू नका. काराव्हाज्योचा रंगाचा थरही बऱ्यापैकी गुळगुळीत असतो, दाव्हिदचाही. इथे फटकारे काहीच सांगत नाहीत. रेम्ब्रांटच्या उत्तरकाळात मात्र सांगतात, तिथे बाहीवरचा रंग पापुद्र्यासारखा उठून येतो. फोनवरच्या फोटोत तोही सपाट होतो, म्हणून फोटोंच्या चिठ्ठ्या पाठ करून अभ्यास झाला असं मी तरी मानत नाही.

रंगांवरही सांभाळून विसंबा. रेम्ब्रांटच्या १६४२ च्या चित्राला ‘रात्रीचा पहारा’ हे नाव नंतर चिकटलं, कारण वॉर्निश आणि मळाने ते काळवंडलं होतं. प्रसंग दिवसाचा आहे. तपकिरी झाक दिसली, तर ती चित्रकाराची की वॉर्निशची, हे आधी विचारा.

घाबरू नका, कडा बघायची सवय लागते. मला लागली. ‘माराचा मृत्यू’ (१७९३) समोर आलं, तेव्हा वरचा अर्धा भाग रिकामा आणि काळपट दिसत होता. हात पुन्हा ‘बरोक’ लिहायला गेला, पण थांबलो. लोंबकळणाऱ्या हाताची कड स्वच्छ होती, पुढचा लाकडी खोका आपल्याला समांतर होता. दाव्हिद लिहिलं, बरोबर आलं.

मग चित्रकार पूसाँ आला. त्याच्याही कडा स्वच्छ, माणसं रांगेत, आणि माणूस सतराव्या शतकातला. तिथे मी पुन्हा आपटलो. कडा चित्राला अभिजात वळणापर्यंत नेतात, शतक ठरवत नाहीत, हे त्या दिवशी कळलं.