सोल्यूशन्स आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची गणितं: आकडेमोडीची धास्ती असलेल्यांसाठी तयारीची यादी

बोर्डाची बारावी आटोपली की नीटपर्यंत जेमतेम दोनेक महिने उरतात. पेडण्यात माझ्याकडे शिकवणीला येणारी बरीच मुलं या दोन महिन्यांत बायोलॉजी पुन्हा पुन्हा वाचतात आणि फिजिकल केमिस्ट्रीची गणितं 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: फॉर्म्युला येतो, आकडेमोड येत नाही. परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल नाही, 180 मिनिटांत 180 प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला एक मार्क वजा. त्यामुळे ही भीती मला समजते. पण मुलांच्या रफ वह्या मी रोज बघते आणि त्यांत गुणाकार चुकून गेलेला मार्क क्वचित सापडतो. मार्क जातो तो गुणाकार सुरू होण्याआधी. म्हणून ही यादी त्या आधीच्या कामाची आहे.

सुरुवात सोल्यूशन्सपासून कर आणि पहिल्या दिवशी एकही गुणाकार करू नकोस. गणित वाचायचं, वहीत फक्त मांडणी लिहायची आणि पुढच्या गणिताकडे जायचं. मांडणी म्हणजे कुठला फॉर्म्युला, त्यात कुठले आकडे आणि कुठल्या युनिटमध्ये. उत्तर काढायचंच नाही, असं ठरवलं की डोकं शांतपणे वाचतं.

आपल्या आगरवाड्याच्या मिठागरांत समुद्राचं पाणी येतं. त्यात दर किलोला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते सगळं मीठ नसतं, पण गणितापुरतं धरू. 1 किलो पाण्यात 35.1 ग्रॅम NaCl विरघळवलं, तर उत्कलनबिंदू किती वाढेल? पाण्याचा Kb 0.52 दिला आहे. पर्याय आहेत 0.312, 0.624, 1.116 आणि 2.232.

मोल काढू. 35.1 भागिले 58.5, म्हणजे 0.6. पाणी 1 किलो आहे, म्हणून मोलॅलिटीही 0.6. आता पर्यायांकडे नीट बघ. 0.52 गुणिले 0.6 केलं की 0.312 येतं. मिठाचे दोन आयन होतात हे लक्षात ठेवून 2 ने गुणलं की 0.624. Kb ऐवजी गोठणबिंदूचा 1.86 घेतला तर 1.116 आणि त्यालाच 2 ने गुणलं तर 2.232. चारही पर्याय त्याच 0.6 मधून निघाले आहेत. म्हणजे ज्याने 0.312 वर खूण केली त्याची आकडेमोड अगदी बरोबर होती, त्याने फक्त i विचारात घेतला नाही. ज्याने 2.232 लिहिलं त्याला i आठवला, पण 'उकळणं' वाचूनही हात 1.86 कडे गेला. प्रश्न काढणाऱ्याने सापळे तिथेच लावले आहेत.

म्हणून यादीतलं पहिलं कलम असं लिहून ठेव: गुणाकाराआधी विरघळलेल्या पदार्थाच्या नावाखाली i लिहायचा. ग्लुकोज, युरिया असेल तर 1. NaCl असेल तर 2, CaCl₂ असेल तर 3. बेन्झीनमध्ये ॲसेटिक ॲसिड असेल तर दोन रेणू जोडीने राहतात, तिथे i 1 पेक्षा कमी, पूर्ण जोडी जमली तर 0.5. सुटा आकडा लिहायचा, मनात धरायचा नाही. दुसरं, प्रश्न वाढ विचारतोय की उकळण्याचं तापमान, त्या शब्दाखाली रेघ मारायची. इथे वाढ 0.624 आहे आणि तापमान 100.624 अंश. दोन्ही पर्यायांत एकदम आले तर घाईत गोंधळ होतो.

हे सूत्र विरळ द्रावणांसाठी आहे, हेही माहीत असू दे. याच हिशेबाने आपलं मिठाचं पाणी उणे 2.23 अंशांना गोठायला हवं, पण खरं समुद्राचं पाणी सुमारे उणे 1.9 ला गोठतं. एक तर त्यात नुसतं NaCl नसतं, आणि शिवाय एवढ्या मिठात आयन एकमेकांना ओढून धरतात, त्यामुळे प्रत्यक्षातला i पुरता 2 भरत नाही. नीटच्या गणितात मात्र वेगळं काही सांगितलं नसेल तर पूर्ण 2 च घ्यायचा.

मोलॅरिटीवरून मोलॅलिटी काढायची म्हटली की मुलं हबकतात. त्याला एकच सवय पुरते, ती म्हणजे नेहमी 1 लिटर द्रावण डोळ्यांसमोर धरणं. 1 मोलर NaOH, घनता 1.04. लिटरचं वजन 1040 ग्रॅम, त्यात NaOH 40 ग्रॅम, उरलं पाणी 1000 ग्रॅम, म्हणून मोलॅलिटी 1. फॉर्म्युला पाठ करायची गरज नाही आणि वजाबाकी विसरलास तर लगेच कळतं, कारण पाण्याचा आकडाच कागदावर दिसत नाही.

इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत सगळ्यात जास्त वेळ नर्न्स्टला दे. पाठ करायचे आकडे मोजकेच आहेत: 0.059, त्याची निम्मी 0.0295, log 2 म्हणजे 0.3, log 3 म्हणजे 0.48 आणि log 5 म्हणजे 0.7. log 20 विचारला तर 2 आणि 10 वेगळे करायचे, 0.3 अधिक 1, झाले 1.3. याहून जास्त लॉग लागलेच तर बहुतेक वेळा प्रश्नातच दिलेले असतात.

आता डॅनियल सेल घे. झिंक आयन 0.2 मोलर, कॉपर आयन 0.01 मोलर, प्रमाण विभव 1.10 व्होल्ट. पर्याय 1.02, 1.06, 1.14 आणि 1.18. पेन खाली ठेव आणि फक्त विचार कर. सेल चालताना झिंक विरघळतं, म्हणजे झिंक आयन हे उत्पादन. इथे उत्पादन आधीच जास्त आहे आणि खर्ची पडणारे कॉपर आयन कमी आहेत. अशा सेलचा जोर कमीच असणार, म्हणून उत्तर 1.10 च्या खाली. 1.14 आणि 1.18 गेले. राहिले 1.02 आणि 1.06. 1.02 येतं कधी? n ऐवजी 1 घातला तर. पण इथे दोन इलेक्ट्रॉन आहेत, म्हणून 1.06. पडताळायचं असेल तर 0.03 गुणिले 1.3, म्हणजे 0.039, तेवढं 1.10 मधून वजा. अख्ख्या गणितात एकच गुणाकार झाला, आणि तोही उत्तर ठरल्यावर.

सराव याच क्रमाने कर: आधी उत्तर 1.10 च्या वर की खाली, मग n, मग Q, आणि शेवटी आकडे. Q लिहिताना घन झिंक आणि घन कॉपर त्यात येत नाहीत. आणि गुणांक असतील तर घात लागतो. समीकरणात 2Ag⁺ असेल तर सिल्व्हर आयनांच्या संहतीचा वर्ग घ्यावा लागतो. मुलांच्या वह्यांत हा वर्ग राहून गेलेला मला सारखा दिसतो.

ΔG आला की F म्हणून 96500 लिहू नकोस, 96.5 लिही आणि उत्तर थेट किलोज्यूलमध्ये घे. वरच्याच सेलची प्रमाण ΔG उणे 2 गुणिले 96.5 गुणिले 1.1. दोनदा 96.5 म्हणजे 193, त्यात 19.3 मिळव, 212.3 झाले. उणे चिन्ह विसरायचं नाही.

फॅराडेच्या गणितात 1.93, 9.65, 3.86 असे आकडे दिसले तर प्रश्न काढणाऱ्याने भागाकार सोपा करून ठेवलाय असं समज. 1.93 अँपिअर, 50 मिनिटं, कॉपर किती साठेल? मिनिटांचे आधी सेकंद कर, 3000. 96500 ला 1.93 ने भाग जातो 50000 वेळा, म्हणून 3000 भागिले 50000, इलेक्ट्रॉनचे 0.06 मोल. कॉपरला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून 0.03 मोल, 63.5 ने गुणून साधारण 1.9 ग्रॅम. आकडे असे जमणारे नसतील तर 96500 ऐवजी 1 लाख धर आणि येणारं उत्तर साडेतीन टक्क्यांनी वाढव. 900 कूलॉम असतील तर 0.009, त्यात साधारण 0.0003 मिळवून 0.0093. पर्याय निवडायला एवढं बास होतं.

कंडक्टिव्हिटीत भीती असते ती दहाच्या घातांची. त्यावर उपाय म्हणजे आकडे एका ओळीत आणि घात खालच्या ओळीत. 0.01 मोलर ॲसेटिक ॲसिडची κ 1.6 × 10⁻⁴ S cm⁻¹ आहे. 1000 गुणिले κ भागिले 0.01 करायचं. वरच्या ओळीत फक्त 1.6. खालच्या ओळीत 3, उणे 4, आणि भागाकारामुळे अधिक 2, बेरीज 1. उत्तर 16. मर्यादा मूल्य 390 दिलं असेल तर α साधारण 0.04, म्हणजे चार टक्के. इथे चूक पकडायची खूण उत्तरातच असते: Λm कधीही मर्यादा मूल्याहून मोठी येत नाही आणि α कधी 1 च्या वर जात नाही. 1600 आलं तर घाताची चूक आहे, किंवा κ मीटरमध्ये दिली होती आणि तू सेंटिमीटर समजलास. प्रश्नातल्या युनिटला आधीच गोल कर.

याच α ने दोन्ही धडे जोडले जातात आणि असे प्रश्न येतात. α 0.04 असेल तर i 1.04, मग गोठणबिंदूची घट 1.04 गुणिले 1.86 गुणिले 0.01, म्हणजे 0.019. द्रावण जितकं घट्ट तितका α कमी. आपल्या स्वयंपाकघरातलं माडाचं व्हिनेगर साधारण चार टक्क्यांचं असलं, तर त्यातलं जेमतेम अर्धा टक्का ॲसेटिक ॲसिड आयन होऊन सुटलेलं असतं.

शेवटच्या पंधरवड्यात नवीन गणितं थांबव आणि चुकलेलीच पुन्हा सोडव. प्रत्येक चुकीपुढे एकच शब्द लिही: i, n, घात, युनिट, चिन्ह, किंवा गुणाकार. कुठला शब्द जास्त वेळा आला ते मोज आणि उरलेला वेळ त्याच्यावरच घाल. परीक्षेत मात्र चारही पर्याय एकमेकांना अगदी चिकटून असतील, 0.0128 आणि 0.0131 असे, तर अंदाजाने भागणार नाही. अशा प्रश्नाची मांडणी रफ वर्कच्या जागी लिहून ठेव, बाजूला खूण कर, पुढे जा आणि रसायनाचे 45 प्रश्न एकदा पार पडले की तिथे परत ये.