फवारणी पंपाच्या लिस्टिंगखाली प्रश्नोत्तरं लिहिताना

जळगाव, धुळ्याहून शेतीची अवजारं ऑनलाइन विकायला बसलेल्या नव्या माणसासाठी एक उदाहरण घेऊ: १६ लिटरचा, १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारा पाठीवरचा फवारणी पंप. फोटो, किंमत, वजन सगळं टाकलेलं असतं, तरी फोन येतच राहतात. "बॅटरीची गॅरंटी किती?" "पैसा परत भेटतीन का?" "धडगावले येई का?" याची उत्तरं किमतीच्या लगेच खाली, पाच-सहा प्रश्नांत दिलेली असली पाहिजेत. प्रश्न मनाने बनवू नका. मागच्या महिन्याचे फोन आणि व्हॉट्सअॅपवरचे मेसेज चाळा, जे तीनदा तरी आले तेच घ्या, आणि शक्यतो ग्राहकाच्याच शब्दांत ठेवा.

सगळ्यात जास्त भांडणं वॉरंटीवरून होतात. बोलताना आपल्याकडे सगळ्यालाच गॅरंटी म्हणतात. बिघडलं की नवीन मिळणार, असं ग्राहक धरून चालतो; विक्रेत्याच्या मनात मात्र दुरुस्ती असते. म्हणून 'एक वर्ष वॉरंटी' एवढंच लिहिलं तर ते उत्तर अपुरं आहे. कोणत्या भागाला, किती दिवस, कोणत्या तारखेपासून आणि बिघडल्यावर काय मिळणार, या चार गोष्टी आल्याच पाहिजेत. कंपनीच्या कार्डावर मोटरला एक वर्ष आणि बॅटरीला सहा महिने असतील, तर उत्तर असं होईल:

प्रश्न: गॅरंटी किती आणि कशाची?
उत्तर: बिलाच्या तारखेपासून मोटरला १ वर्ष, बॅटरीला ६ महिने. मोटर दुरुस्त करून मिळते, बॅटरी बदलून मिळते. नोझल, वॉशर, पाइप आणि पट्ट्याला वॉरंटी नाही. बिलाचा फोटो जपून ठेवा.

आकडे कार्डावरूनच उचला. लिस्टिंगवर एक आणि कार्डावर दुसरं असलं, तर ग्राहक लिस्टिंगचा स्क्रीनशॉट पुढे करतो आणि त्याचं बरोबरच असतं.

बॅटरीला वेगळा प्रश्न द्यावा, कारण इथलं पीकच तसं आहे. कपाशीची फवारणी संपली की पंप गोठ्यात टांगला जातो तो थेट पुढच्या पावसाळ्यात खाली उतरतो. शिसं-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडली, तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा घट्ट थर बसतो आणि मग चार्जरला लावूनही ती भरत नाही. जुलैत घेतलेल्या पंपाची सहा महिन्यांची मुदत जानेवारीतच संपलेली असते, आणि तक्रार येते जूनमध्ये. म्हणून लिहा: "हंगाम संपल्यावर बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा, मग महिन्यातून एकदा चार्ज करा. उतरलेली तशीच ठेवली तर ती खराब होते." 'दाब कमी येतो' ही तक्रारही पुष्कळदा जाळीत कचरा अडकल्याची असते. आधी जाळी आणि नोझल धुवायला सांगा.

परताव्याच्या उत्तरात नवे विक्रेते हमखास चूक करतात. दुकानातल्या पाटीसारखं 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं लिहून मोकळे होतात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष माल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसलेला माल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. उशिराला अपवाद फक्त हाताबाहेरच्या आपत्तीचा. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या करा. दोष असेल तर परत घेऊ, कुरिअरचा खर्च आमचा. नुसता आवडला नाही म्हणून परत करायचा असेल, तर तुम्ही ठरवलेले दिवस आणि खर्च कोणाचा ते लिहा. बाजारपेठेच्या साइटवर विकत असाल, तर तिथल्या परताव्याच्या मुदतीपेक्षा कमी दिवस लिहू नका.

इथेच एक ओळ ठळक टाका: "पहिल्यांदा फक्त साध्या पाण्याने चालवून पाहा." औषध भरलेला पंप परत आला, तर तो दुसऱ्याला विकता येत नाही आणि वाटेत हाताळणाऱ्यालाही त्याचा धोका असतो. पाण्यावर दहा मिनिटं चालवलं तर गळती, बंद मोटर, मेलेली बॅटरी तिथेच कळते.

डिलिव्हरीचे दिवस कशापासून मोजायचे ते सांगा, ऑर्डरपासून की माल निघाल्यापासून. वरच्या नियमामुळे इथे हौसेने '३ दिवसांत' लिहिणं अंगाशी येतं. तुमच्या मागच्या वीस-पंचवीस पार्सलच्या तारखा काढा. जळगाव, धुळे, नंदुरबार शहरं एका ओळीत आणि सातपुड्यातली अक्कलकुवा, धडगावकडची गावं दुसऱ्या ओळीत, असे वेगळे दिवस द्या. जी पार्सलं सगळ्यात उशिरा पोहोचली त्यांचेच दिवस धरा. कुरिअर गावात जात नसेल, तर "पार्सल तालुक्याच्या ठिकाणी घ्यावं लागेल, आधी फोन येईल" हे ऑर्डरच्या आधीच दिसू द्या. नाहीतर पार्सल फिरून परत येतं आणि दोन्ही वेळचं भाडं तुमच्या माथी बसतं.

शेवटी खाली 'माहिती तपासल्याची तारीख' टाका. कुरिअर बदललं, किंवा कंपनीने नव्या मालाबरोबर वेगळं कार्ड पाठवलं, की त्याच दिवशी उत्तर आणि तारीख दोन्ही बदला.