बळी नाही, तर सरासरीही नाही: गोलंदाजाची सरासरी कशी काढावी

आमच्या कॉलनीच्या टेनिस बॉल स्पर्धेत दोन वर्षं गुणलेखक म्हणून बसलो होतो. पहिल्याच वर्षी उत्कृष्ट गोलंदाजाची यादी काढली आणि सगळ्यात वर नाव आलं ते एका अशा मुलाचं, ज्याने अख्ख्या स्पर्धेत एकही बळी घेतला नव्हता. नऊ षटकं, ८१ धावा, शून्य बळी. चूक माझीच होती. संगणकावर त्याच्या सरासरीच्या रकान्यात काहीतरी विचित्र येत होतं, म्हणून मी तिथे ० टाकला होता. गोलंदाजीत सरासरी जितकी कमी तितकी चांगली, त्यामुळे यादी लावताच तो शून्य थेट शेंड्यावर जाऊन बसला.

ती चूक कशी टाळायची, हे पुढे सांगतो.

आधी धावा मोजा, पण योग्य त्याच

गोलंदाजीची सरासरी म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा. दिलेल्या धावांना बळींनी भागायचं. षटकं यात कुठेच येत नाहीत. सूत्र एवढंच आहे, पण ‘दिलेल्या धावा’ म्हणजे कोणत्या, इथेच निम्मे लोक घसरतात.

बॅटीतून निघालेल्या धावा गोलंदाजाच्या नावावर. वाइड आणि नो-बॉलही त्याच्याच नावावर. वाइड गेलेला चेंडू यष्टिरक्षकालाही चकवून सीमापार झाला, तर पाचही धावा त्याच्याच. बाय आणि लेगबाय मात्र त्याच्या खात्यात धरायचे नाहीत. त्या संघाच्या अवांतर धावांत जातात.

बळींचंही तसंच. त्रिफळा, झेल, पायचीत, यष्टिचीत आणि स्वयंचीत हे गोलंदाजाचे. धावबाद त्याचा नाही, मग तो त्याच्याच षटकात का झालेला असेना.

एक उदाहरण सोडवून बघू. चार षटकांत बॅटीतून १९ धावा गेल्या. दोन साधे वाइड, म्हणजे २. आणखी एक वाइड सीमापार, म्हणजे ५. एक नो-बॉल, त्याची १. शिवाय चार लेगबाय आणि दोन बाय. गडी तीन गेले: एक त्रिफळाचीत, एक झेलबाद, एक धावबाद. गोलंदाजाच्या धावा १९ + २ + ५ + १ = २७. बळी २. सरासरी २७ ÷ २ = १३.५०. संघाच्या फलकावर याच चार षटकांत ३३ धावा आणि ३ गडी दिसतील. ते आकडे घेऊन भागाकार केला तर ११ येईल आणि गोलंदाज आहे त्यापेक्षा बरा दिसेल.

चूक झाली आहे का, हे ओळखायला एक सोपी पडताळणी आहे. डाव संपला की सगळ्या गोलंदाजांच्या धावांची बेरीज करा, त्यात बाय आणि लेगबाय मिळवा. संघाची धावसंख्या तंतोतंत आली पाहिजे (पंचांनी दंडाच्या धावा दिल्या असतील तर त्याही मिळवा). एक-दोन धावांचा फरक पडला तर बहुतेक वेळा एखादा वाइड अवांतरात लिहिलेला असतो, पण गोलंदाजापुढे लिहायचा राहिलेला असतो.

मग भागा, पण भाजक बघून

बळी एक किंवा जास्त असतील तर प्रश्नच नाही. अनिल कुंबळेने कसोटीत १८,३५५ धावा देऊन ६१९ बळी घेतले, सरासरी २९.६५. शेन वॉर्नचे १७,९९५ धावांत ७०८ बळी, भागाकार २५.४१६६… असा लांबत जातो आणि नोंदींत २५.४१ छापतात. दोन दशांश स्थळं ठेवून पुढचे आकडे सोडून देतात, त्यामुळे घरी केलेला हिशेब शेवटच्या आकड्यात एकने हुकला तर घाबरू नका.

आता बळी शून्य असेल तर?

शाळेत भागाकाराचा ताळा करायचो तो आठवा. भागाकार गुणिले भाजक बरोबर भाज्य. १३.५० ला २ ने गुणलं की २७ येतात, म्हणजे उत्तर बरोबर. माझ्या कॉलनीतल्या मुलाचा हिशेब होता ८१ ÷ ०. याचं जे काही उत्तर असेल त्याला शून्याने गुणून ८१ यायला हवेत. कोणत्याही संख्येला शून्याने गुणलं की शून्यच येतो, ८१ येणार कुठून? म्हणजे ताळा जमेल अशी संख्याच नाही. उत्तर फार मोठं आहे किंवा काढायला अवघड आहे असं नाही, उत्तर मुळात नाहीच. म्हणून नोंदींत त्या रकान्यात आडवी रेघ असते.

आणि समजा एखाद्याने एकच षटक टाकलं, तेही निर्धाव, बळी नाही. हिशेब होतो ० ÷ ०. इथे गंमत उलटी. कोणतीही संख्या घ्या, शून्याने गुणा, शून्य येतो, ताळा जमतो. पाचही बरोबर, पाचशेही बरोबर. सगळीच उत्तरं चालत असतील तर त्यातलं एक निवडणार कसं? इथेही रेघच.

‘मग शून्यच लिहू’ म्हणणाऱ्यांसाठी: ०.०० ही खरीखुरी सरासरी आहे आणि तिचे मानकरीही आहेत. इंग्लंडचा विल्फ बार्बर १९३५ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दोन कसोटी खेळला. त्याने कसोटीत टाकलेले चेंडू अवघे दोन, दिलेल्या धावा शून्य, बळी एक. ० ÷ १ = ०. बळी न घेणाऱ्यालाही शून्य दिला तर तो बार्बरच्या पंक्तीला जाऊन बसतो.

‘मग दिलेल्या धावाच सरासरी म्हणून धरू, ८१ लिहू’ असंही एकाने मला सुचवलं होतं. ऐकायला बरं वाटतं. पण ८१ धावांत एक बळी घेणाऱ्याची सरासरी ८१.०० असते. एक बळी घेणारा आणि एकही न घेणारा सारखेच कसे? सुनील गावसकरांचं बघा. बेदी-प्रसन्ना-चंद्रशेखरच्या काळात कधीकधी नव्या चेंडूची चकाकी घालवायला तेही दोन-चार षटकं टाकायचे. कसोटी कारकिर्दीत त्यांनी २०६ धावा दिल्या आणि एक बळी घेतला, झहीर अब्बासचा. सरासरी २०६.००. आकडा मोठा आहे, पण आहे. महेंद्रसिंग धोनीने कसोटीत फक्त ६७ धावा दिल्या, बळी एकही नाही. त्याच्या सरासरीपुढे रेघ. ६७ लिहिले असते तर तो गावसकरांपेक्षा तिप्पट चांगला गोलंदाज ठरला असता, तोही एकही फलंदाज बाद न करता.

रेघेतल्या धावा हरवू देऊ नका

रेघ आली म्हणजे त्या धावा माफ झाल्या असं नाही. त्या उधारीत राहतात आणि पहिला बळी मिळताच अंगावर येतात.

ऑक्टोबर २०१५, अबू धाबी. इंग्लंडचा लेगस्पिनर आदिल रशीद पाकिस्तानविरुद्ध पहिली कसोटी खेळत होता. पहिल्या डावात शोएब मलिकने २४५ धावा कुटल्या आणि रशीदच्या वाट्याला आलं ३४ षटकं, १६३ धावा, शून्य बळी. दुसऱ्या डावात त्याच रशीदने ६४ धावांत ५ बळी घेतले. आता त्याची सामन्याची सरासरी किती?

पहिल्या डावाची सरासरी नाही. दुसऱ्या डावाची ६४ ÷ ५ = १२.८०. घाईत माणूस म्हणतो, एकच सरासरी हाताशी आहे, तीच लिहू: १२.८०. हे साफ चूक. आधी धावांची बेरीज, १६३ + ६४ = २२७. मग बळींची, ० + ५ = ५. आणि शेवटी एकदाच भागाकार: २२७ ÷ ५ = ४५.४०. पहिला डाव सोडला असता तर १६३ धावा हवेत विरल्या असत्या.

दोन्ही डावांची सरासरी असती तरी त्या दोघींची सरासरी काढणं चूकच, कारण ज्या डावात बळी जास्त त्या डावाचं वजनही जास्त असायला हवं. डावागणिक काढलेल्या सरासऱ्यांना पुढच्या हिशेबात हातच लावू नका. जपून ठेवायचे ते दोन आकडे: एकूण धावा आणि एकूण बळी.

संगणकावर करताना

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये B स्तंभात धावा आणि C स्तंभात बळी ठेवले, तर साधा भागाकार बळी नसलेल्या ओळीत `#DIV/0!` दाखवतो. मला विचित्र वाटलेलं ते हेच. ते झाकायला शून्य टाकू नका, रेघ टाका:

```
=IF(C2=0,"-",B2/C2)
```

रेघ ही अक्षरांत मोडते. चढत्या क्रमाने यादी लावली की आकडे आधी येतात आणि रेघवाले आपोआप तळाशी जातात. स्पर्धेची एकूण सरासरी मात्र वरच्या स्तंभावर `AVERAGE` चालवून काढू नका. ते सूत्र रेघ असलेल्या ओळी गुपचूप वगळतं आणि रशीदचे १२.८० पुन्हा हातात देतं. बेरजांचा भागाकार करा:

```
=IF(SUM(C2:C9)=0,"-",SUM(B2:B9)/SUM(C2:C9))
```

यादी लावण्याआधी एक अट घाला

शून्य भाजकाची अडचण सुटली तरी एक-दोन बळींची सरासरी फार हलकी असते. एकदिवसीय सामन्यांत कुंबळेचे ३३७ बळी आहेत, सरासरी ३०.८९. धोनीचा एकच, २००९ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत घेतलेला वेस्ट इंडिजच्या ट्रॅव्हिस डाऊलिनचा. दिलेल्या धावा ३१, म्हणून सरासरी ३१.००. दोघांत फरक ०.११ चा! म्हणूनच नोंदींच्या याद्यांना किमान चेंडूंची किंवा किमान बळींची अट असते. कॉलनीच्या स्पर्धेला मी दुसऱ्या वर्षी किमान पाच बळींची अट लावली आणि वाद मिटला.

राहता राहिले रेघवाले. त्यांच्यात डावं-उजवं करायचं असेल तर सरासरी कामाची नाही. एका बळीमागे किती चेंडू लागले हा आकडाही उपयोगाचा नाही, कारण तिथेही भाजक बळीच आहेत. चालते ती धावगती, म्हणजे षटकामागे दिलेल्या धावा. ऑस्ट्रेलियाचा ब्राइस मॅकगेन ३६ व्या वर्षी, मार्च २००९ मध्ये केपटाऊनला एकमेव कसोटी खेळला. दक्षिण आफ्रिकेने एकदाच फलंदाजी केली आणि त्याला पुन्हा संधी मिळाली नाही. त्याच्या कसोटी कारकिर्दीची ओळ अशी लिहितात: षटकं १८, धावा १४९, बळी ०, सरासरी –, धावगती ८.२७.