भिंतीवर मेनूचा स्क्रीन लावायचाय? गाळामालकाला पत्र असं लिहा

मागच्या गाळ्यात मी मेनूचा टीव्ही मालकांच्या तोंडी ‘लावा की’वर लावला होता. गाळा सोडताना त्यांनी भोकं मोजली आणि डिपॉझिटमधून अख्ख्या भिंतीच्या रंगाचे पैसे कापून घेतले. भोकं चार होती. पण ‘लावा की’ म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. म्हणून कोथरूडच्या नव्या कॅफेत ड्रिलवाल्याला बोलवायच्या आधी पत्र दिलं.

पत्र लिहायला बसण्याआधी लिव्ह अँड लायसन्सचा करार काढा. ‘मालकाच्या लेखी संमतीशिवाय जागेत फेरफार करू नये’ अशा अर्थाचं कलम बहुतेक करारांत असतं. भिंतीत भोक पाडणं म्हणजे फेरफार की नाही, यावर वाद घालत बसू नका. कलमाचा क्रमांक टिपून घ्या आणि त्याच कलमाखाली परवानगी मागा.

मग भिंत बघा. मला स्क्रीन काउंटरच्या मागे हवा होता, पण त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं बेसिन निघालं. म्हणजे आत नळाचा पाइप असणार. ती भिंत सोडली आणि डाव्या बाजूची घेतली. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली सहसा वायर गेलेली असते, तिथेही ड्रिल नको. कॉलम आणि बीमला तर हातच लावू नका. मालक नकार देतील आणि तो योग्यच असेल. भिंत विटांची आहे, हलक्या सिमेंट ब्लॉकची की जिप्समची, हे मिस्त्रीला विचारा, कारण त्यावर फास्टनर कुठले लागतील ते ठरतं. ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर कालांतराने सैल पडतो. जिप्समला मागून आधार दिल्याशिवाय टीव्ही टांगू नये.

स्क्रीन दर्शनी भागात, बाहेरच्या भिंतीवर लावायचा असेल तर प्रकरण वेगळं. इमारत सोसायटीची असेल तर ती भिंत सामाईक, त्यामुळे एकट्या मालकांचा होकार पुरत नाही. शिवाय तो जाहिरात फलक ठरू शकतो, म्हणून महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागात चौकशी करावी लागते. आपलं पत्र आतल्या भिंतीपुरतं आहे.

मी दिलेलं पत्र असं होतं:

*माननीय श्री. ______ यांस,*
*सप्रेम नमस्कार.*

*विषय: गाळा क्र. ___ मध्ये आतील भिंतीवर मेनूचा स्क्रीन बसवण्यास परवानगी मिळण्याबाबत (करारातील कलम ___).*

*काउंटरच्या डाव्या बाजूच्या भिंतीवर ४३ इंची स्क्रीन बसवण्याची इच्छा आहे. ब्रॅकेटसह वजन सुमारे १० किलो असून तो जमिनीपासून ६ फुटांवर येईल. त्यासाठी चार भोके पाडावी लागतील. कॉलम, बीम व पाण्याच्या पाइपची भिंत यांना धक्का लागणार नाही. वायर भिंत न फोडता केसिंग पट्टीतून, सध्याच्याच सॉकेटपर्यंत नेऊ.*

*काम माहितगार इलेक्ट्रिशियनकडून, माझ्या खर्चाने होईल. स्क्रीन व ब्रॅकेट माझ्या मालकीचे राहतील. जागा सोडताना ते काढून, भोके बुजवून तेवढ्या भागाला रंग लावून देईन. या कामामुळे भिंतीचे काही नुकसान झाल्यास ते मी भरून देईन.*

*भिंतीचा आजचा फोटो व जागेची खूण सोबत जोडली आहे. मान्य असल्यास खाली सही करून एक प्रत परत द्यावी, ही विनंती.*

*आपला,*
*(सही, नाव, दिनांक)*

*वरील कामास माझी संमती आहे. (मालकाची सही व दिनांक)*

वजन आणि लांबी-रुंदी स्क्रीनच्या खोक्यावरून उतरवा. ‘आवश्यक ते फिटिंग’ असं मोघम काही लिहू नका. त्यातून मालकांना अख्खी भिंत फुटताना दिसते. ‘तेवढ्या भागाला रंग’ हे शब्दही मी मुद्दाम घातले. ते नसते तर मागचाच हिशेब पुन्हा झाला असता.

दोन प्रती घेऊन स्वतः जा. मालक परगावी असतील तर पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, पण उत्तरात नुसता अंगठा येऊ देऊ नका. सही केलेल्या पानाचा फोटो मागा.

आमच्या मालकांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, “लाइटबिल?” मीटर त्यांच्या नावावर, बिल मी भरतो, तरी प्रश्न रास्त होता. असा स्क्रीन साधारण १०० वॅट घेतो. दिवसाला बारा तास चालला तर सव्वा युनिटच्या आत. हे ऐकून ते आत गेले, कपाटातून रंगाच्या डब्याचं झाकण आणलं आणि सहीच्या वर स्वतःच्या हाताने शेडचा नंबर लिहिला: “बुजवाल तेव्हा हाच लावा.”